रिकाम्या खुर्च्या दिसत असताना: नोंदणी टेबलावरचं एक प्रकरण

त्या बाई दुसऱ्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा 9:41 झाले होते. साठीच्या पुढचं वय, खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. फोल्डरमधून त्यांनी घडी न पडलेला एक छापील कागद काढला आणि टेबलावर असा ठेवला, की समोरच्याला सरळ वाचता यावा. टेबलामागे एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. स्वयंसेवक म्हणून हा त्याचा पहिलाच कार्यक्रम. नोंदणीची सगळी जबाबदारी माझ्याकडे होती आणि त्या क्षणी मी आत, मंचाजवळ, चुकीच्या नावाने छापलेला एका वक्त्याचा बिल्ला बदलून देत होते.

पुढच्या तेवीस मिनिटांत जे घडलं ते मी नव्या स्वयंसेवकांना दरवेळी सांगते. गोष्टीत कुणी खलनायक नाही. बाई खोटं बोलत नव्हत्या, मुलगा उद्धट नव्हता आणि शेवटी दिलेला नकार नियमाला धरून होता. तरीही ते प्रकरण आम्ही वाईट हाताळलं, आणि नेमकं कुठे, ते कळायला मला कार्यक्रमानंतरचे दोन दिवस लागले.

आधी मांडणी सांगते. एक दिवसाचा कार्यक्रम, प्रवेश विनामूल्य, पण तिकीट आधी ऑनलाइन घ्यायचं. सभागृहात एका वेळी 330 माणसांची परवानगी. त्यात स्वयंसेवक, वक्ते, ध्वनी आणि कॅमेऱ्याची माणसं अशी तीस आमचीच, म्हणून तिकिटं 300. ती आठवडाभर आधीच संपली. त्यानंतर फॉर्म भरलेल्या 46 जणांची नावं प्रतीक्षा यादीत गेली. दारं 9 ला उघडायची, पहिलं भाषण 10 ला. बाहेर तीन टेबलं तिकीट स्कॅन करणारी आणि चौथं अडचणींचं. तिकीट बरोबर असेल तर स्कॅन, बिल्ला आणि ‘या’ एवढ्याला पंधरा सेकंद पुरतात, म्हणजे एका टेबलावरून मिनिटाला चार माणसं. ज्याचं काही अडलंय त्याला रांगेतून काढून चौथ्या टेबलाकडे पाठवायचं, असं ठरलं होतं. पण चौथ्या टेबलावरची मुलगी प्रिंटरचा कागद अडकला म्हणून उठून गेली होती, आणि ती उठल्याचं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यामुळे मुलाने बाईंना आपल्यापाशीच उभं ठेवलं.

कागदावर स्कॅन करायचा चौकोन नव्हता. आमच्या प्रत्येक तिकिटावर तो असतो, त्यामुळे खरं तर पहिल्या पाच सेकंदांतच कळायला हवं होतं की समोर आहे ते तिकीट नाही, दुसरं काहीतरी आहे. मुलाला वाटलं छापताना तो भाग गेला असेल. त्याने नाव विचारून टॅबवर टाइप केलं. `Not found`. आपली आडनावं इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुठे एक ‘a’ येतो, कुठे दोन, हे त्याला सांगितलेलं होतं, म्हणून त्याने आणखी दोन स्पेलिंगं करून पाहिली. मग बाईंनी सांगितलेला मोबाइल नंबर टाकला. मग पुन्हा पहिलं स्पेलिंग, जणू मधल्या वेळात यादी बदलली असेल. प्रत्येक शोधाच्या आधी तो म्हणत होता, “थांबा हं मावशी, बघतो.” आणि शेवटी, त्याच्याही नकळत, तोंडून गेलं: “तुमचं नावच नाहीये यादीत.”

बाईंचा आवाज त्या वाक्याला बदलला. “नाव नाही म्हणजे? हे काय लिहिलंय मग? वाच की तूच.”

कागदावर ठळक अक्षरांत विषय होता: ‘आपली नोंदणी मिळाली आहे’.

ही तारीख, ही वेळ, हे ठिकाण. सगळं बरोबर. खाली एक क्रमांकही होता. मुलाने तो टॅबवर टाकला. पुन्हा `Not found`. आता त्याच्याजवळ दोनच शक्यता उरल्या: टॅब बिघडलाय, किंवा बाई काहीतरी लपवतायत. त्याने पहिली धरली आणि टॅब बंद करून पुन्हा चालू केला. रांगेतल्या लोकांनी तो काळा पडदा पाहिला आणि मागे कुजबूज सुरू झाली की यंत्रणा बंद पडली.

तिसरी शक्यता त्याला दिसणं अवघड होतं, कारण आम्ही ती त्याच्या पडद्यावर ठेवलीच नव्हती. दारावरच्या टॅबमध्ये फक्त तिकीट मिळालेल्या 300 जणांची यादी उतरवलेली होती. इंटरनेट गेलं तरी स्कॅन चालावं म्हणून यादी छोटी ठेवायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. पण तिचा परिणाम असा, की ज्याने कधी फॉर्मच भरला नाही तो, ज्याने अर्धवट भरून सोडला तो, आणि ज्याने पूर्ण भरला पण जागा न उरल्याने प्रतीक्षा यादीत गेला तो, असे तिघेही टॅबवर सारखेच दिसतात. तिघांनाही एकच उत्तर: सापडत नाही. टेबलावर बसलेला माणूस त्या उत्तराचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे लावतो. संशयी माणूस म्हणतो, हे फुकटे. मऊ माणूस म्हणतो, यंत्राची चूक असेल. दोघंही अंदाजच करत असतात.

मी बाहेर आले तेव्हा 9:50 झाले होते. नऊ मिनिटं, म्हणजे त्या टेबलावरून जाऊ शकले असते असे छत्तीस लोक. रांग दारातून बाहेर वळली होती. मुलगा उभा राहून बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी कागद हातात घेतला आणि विषय सोडून पूर्ण वाचला. तिसऱ्या परिच्छेदात, तारीख-वेळ-ठिकाणाच्या खाली, हे वाक्य होतं: ‘सध्या सर्व जागा भरल्या असून आपले नाव प्रतीक्षा यादीत समाविष्ट करण्यात आले आहे.’ पत्र पाठवलं होतं बाईंच्या भाच्याच्या ई-मेल पत्त्यावर. फॉर्म त्यानेच भरला होता. त्याने विषय वाचला, मावशीला फोनवर ‘झालं तुझं काम’ सांगितलं आणि कागद छापून पाठवून दिला. बाई रात्रभर प्रवास करून आल्या होत्या, साडेअकराच्या एका भाषणासाठी.

ते पत्र मी लिहिलं होतं. लिहिताना मला वाटलं होतं की सुरुवातीलाच नकार बरा दिसत नाही. म्हणून आधी आभार, मग तपशील, मग हळूच ती ओळ. कार्यालयात बसून सौम्य वाटलेलं ते पत्र दारापाशी किती क्रूर होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

मी त्यांना रांगेतून बाजूला, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं. मुलाला म्हटलं, तू पुढचं स्कॅन सुरू कर. तो हलला, पण वळून म्हणाला, “मावशी, मी विचारून बघतो आत.” हे त्याचं आणखी एक ‘बघतो’. कुणाला विचारणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं आणि त्याच्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ‘बघतो’ म्हणजे शक्यता असते. बाईंनी प्रत्येक ‘बघतो’ला आशा धरली होती आणि प्रत्येक वेळी ती पाडायचं काम पुन्हा नव्याने करावं लागत होतं.

मी कागदावरची ती ओळ बोटाने दाखवली. त्यांनी चष्मा बदलला, वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “बरं. नाहीये तर नाहीये. मी मागे उभी राहते.”

हे उत्तर दारावर नेहमी येतं आणि ऐकायला अगदी वाजवी वाटतं. एक माणूस उभा राहिला तर काय बिघडलं? पण 330 हा आकडा खुर्च्यांचा नसून माणसांचा असतो. बसलेली, उभी, कॅमेरा धरलेली सगळी त्यात आली. आणि मागे उभं राहायचं म्हणजे खुर्च्यांमधल्या वाटेत किंवा दारापाशी, जिथून आग वगैरे लागली तर लोकांनी बाहेर पडायचं असतं. मी हे त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दाराच्या फटीतून आत पाहिलं.

“त्या खुर्च्या रिकाम्या आहेत की.”

खरंच होत्या. त्या क्षणी 300 पैकी 88 लोक यायचे होते. मी म्हटलं, त्या दुसऱ्यांच्या आहेत, ते येतायत. त्या म्हणाल्या, “नाही आले तर?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रवेश विनामूल्य असला की तिकीट घेऊन न येणारे बरेच असतात, हे दारावर चार वेळा बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण किती वाजेपर्यंत न आलेल्याची जागा मोकळी धरायची आणि ती कुणाला द्यायची, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. बैठकीत विषय निघाला होता, कुणीतरी म्हणालं ‘त्या दिवशी बघू’, आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे गेलो होतो. म्हणजे मुलाच्या ‘बघतो’ला मी हसायचं कारण नव्हतं. आमच्या सगळ्या समितीने तेच म्हटलेलं होतं.

मी त्यांना दुसरं कारण सांगितलं. प्रतीक्षा यादीत तुमचा क्रमांक एकतिसावा आहे, तुमच्या आधी तीस जण आहेत, तुम्हाला आत घेतलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. हे कारण खरं होतं. त्या सकाळी 9:20 च्या सुमारास त्याच यादीतले दोघं पहिल्या टेबलावर येऊन परत गेलेही होते. ते आले तसे गेले आणि त्यांच्यासाठी कुणी खुर्ची मांडली नाही, हे विसरून समोर दिसणाऱ्या माणसाला आत घ्यायचं म्हणजे जो जास्त वेळ उभा राहील त्याला जागा, असा नियम होतो. तो नियम मला आजही मान्य नाही.

इथपर्यंत माझं चुकलं नाही असं मी म्हणेन. चुकलं ते यापुढे.

रांगेतला एक तरुण हे सगळं ऐकत होता. तो पुढे आला आणि म्हणाला, “माझा मित्र येत नाहीये, त्याला ताप आहे. त्याचं तिकीट माझ्याकडे फोनवर आहे. ते यांना द्या ना.” मुलाने टॅबवरून मान वर केली. त्याचा चेहरा उजळला. मी पटकन म्हटलं, “नाव बदलता येत नाही. ती मुदत काल संध्याकाळी संपली.”

नियम होता, हे खरं. पण तो कशासाठी होता? बिल्ले आदल्या रात्री छापले जायचे म्हणून. बाईंना छापील बिल्ला नसता मिळाला तर काही अडत नव्हतं, कोऱ्या बिल्ल्यांचा गठ्ठा माझ्या खिशात होता. माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती: आत्ता हो म्हटलं तर प्रतीक्षा यादीतल्या तीस जणांवर पुन्हा अन्यायच. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. एखाद्याने तिकीट आयोजकांना परत केलं, तर ती जागा यादीप्रमाणे पहिल्याला जायला हवी. पण तिकीट ज्याचं आहे त्यानेच ते दुसऱ्याला दिलं, तर त्यात कुणाची रांग मोडत नाही. ती जागा यादीकडे कधी आलेलीच नसते. मित्राला फोन लावून त्याची संमती घ्यायची, त्याचं तिकीट स्कॅन करून टाकायचं म्हणजे नंतर कुणी त्यावर येणार नाही, आणि कोऱ्या बिल्ल्यावर बाईंचं नाव लिहायचं. दोन मिनिटांचं काम. आतल्या माणसांचा आकडाही तोच राहिला असता. माझे काही सहकारी म्हणतात की एकदा असं चालू केलं की दारावर तिकिटांची देवघेव सुरू होईल. तिकीट विकत घ्यायचं असेल तिथे ही भीती खरी आहे, तिथे मीही नाहीच म्हणेन. इथे ती लागू नव्हती. मी नियम आठवला, त्याचं कारण आठवलं नाही.

तरुण खांदे उडवून आत गेला. बाईंनी कागद फोल्डरमध्ये ठेवला. मी म्हटलं, रेकॉर्डिंग झालं की दुवा पाठवू, तुमचा नंबर देऊन ठेवा. “राहू दे,” त्या म्हणाल्या. मग मुलाकडे पाहून, “तू आधीच सांगितलं असतंस ना बाळा, तर मी एवढं बोलले नसते.” आणि गेल्या. 10:04 झाले होते. आत पहिलं भाषण सुरू झालं होतं.

अकरा वाजता मी आतली माणसं मोजली. 300 पैकी 262 आले होते. अडतीस खुर्च्या रिकाम्या. त्यांचा क्रमांक एकतिसावा. अगदी काटेकोरपणे यादीच्या क्रमाने गेलो असतो तरी त्यांना जागा होती, आणि त्यांचं भाषण सुरू व्हायला अर्धा तास होता. ‘साडेदहाला या, तेव्हा न आलेल्यांच्या जागा यादीतल्या हजर माणसांना क्रमाने देतो, मिळेलच असं नाही’ एवढं एक वाक्य आमच्याकडे तयार असतं, तर कुणाचीही रांग न मोडता त्या आत बसल्या असत्या. त्या दिवशी यादीतले आमच्या समोर आलेले एकूण तीनच होते.

मुलगा दुपारी जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला की मी मऊ पडलो म्हणून वेळ गेला. मी त्याला सांगितलं की तू मऊ पडलास ते ठीकच होतं, पण तुझ्या हातात हो म्हणण्याचा अधिकार नव्हता आणि नाही म्हणण्यासाठी लागणारी माहितीही नव्हती. अशा माणसाने एकच शोध करायचा: नाव, फार तर ई-मेल. सापडलं नाही की ‘माझ्या यादीत दिसत नाही, पण माझी यादी अपुरी आहे, त्या टेबलावर पूर्ण यादी आहे’ म्हणून हात दाखवायचा आणि पुढच्याला बोलवायचं. ‘तुमचं नाव नाही’ आणि ‘मला दिसत नाही’ यांत समोरच्याच्या खरेपणाविषयी काय म्हटलं जातं, ते त्याला लगेच समजलं. त्याने मला उलट विचारलं, “आणि त्या टेबलावर कुणीच नसलं तर?” बरोबर होतं. तेव्हापासून चौथं टेबल सोडून उठायचं असेल तर आधी बदली माणूस बसतो, मग उठणारा उठतो. प्रिंटर थांबला तर थांबला.

पत्रही बदललं. विषयातच आता ‘जागा मिळालेली नाही, आपण प्रतीक्षा यादीत आहात’ असं येतं, आणि पहिली ओळ म्हणते की हे पत्र म्हणजे तिकीट नव्हे, जागा मिळाल्यास चौकोनी कोड असलेलं वेगळं पत्र येईल. समितीतल्या एकांना ते फार रुक्ष वाटलं. मी त्यांना सकाळी दारावर बसायला सांगितलं. चौथ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर संपूर्ण यादी असते, `Waitlisted` असा शेरा आणि क्रमांकासकट. मोकळ्या जागांची वेळ आधीच ठरते आणि पत्रात छापली जाते: कार्यक्रम सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने. तिकीटधारक त्यानंतर आला तर त्याची जागा गेलेली असू शकते, हे त्याच्या तिकिटावरही लिहिलेलं असतं, नाहीतर भांडण फक्त दुसऱ्या माणसाकडे सरकतं.

बाईंच्या भाच्याला मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं, चूक आमच्या मजकुराची होती असं स्पष्ट म्हणून. रेकॉर्डिंगचा दुवा जोडला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मावशीला कळवतो.’

पुढच्या कार्यक्रमाला तो मुलगा पुन्हा आला आणि आपणहून चौथ्या टेबलावर बसला. पत्र बदललेलं असूनही प्रतीक्षा यादीतले दोघं आलेच. एक गृहस्थ म्हणाले, मी विषय वाचलाच नाही. दुसऱ्या बाईंनी सगळं वाचलं होतं आणि तरी आल्या होत्या, नशीब अजमावायला. मुलाने दोघांनाही आधी सांगितलं, “आत्ता तुमच्यासाठी जागा नाही,” मग क्रमांक सांगितला, मग वेळ. गृहस्थ चिडले, मुलावर नाही, स्वतःवर, आणि निघून गेले. बाई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने मुलाने यादी पाहिली आणि आधी त्या निघून गेलेल्या गृहस्थांना फोन लावला, कारण त्यांचा क्रमांक वरचा होता. त्यांनी उचलला नाही. मग त्याने कोरा बिल्ला काढून खुर्चीवरच्या बाईंना त्यांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.